वर्गात भरवायची ग्रामपंचायतीची मासिक सभा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीचा धडा आला की आमच्याकडं सदस्य किती, सरपंच कोण, ग्रामसेवक काय करतो एवढंच पाठ करून घेतलं जातं, आणि गाव एखादा निर्णय नेमका घेतं कसा हे राहूनच जातं. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही शाळांमध्ये आम्ही हा धडा सभा भरवून घेतो. दुसऱ्या शाळांतले मास्तर, बाई आणि अधूनमधून पालक जे प्रश्न सारखे विचारतात त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयत.

सभा कुठली घ्यायची, मासिक सभा का ग्रामसभा?

आधी मासिक सभा. हा गोंधळ पोरांचाच नाही, मोठ्यांचापण असतो, कितीतरी पालकांना वाटतं की ग्रामपंचायत आणि ग्रामसभा एकच. मासिक सभा म्हणजे निवडून आलेले सदस्य आणि सरपंच यांची बैठक, महिन्यातून एकदा तरी घ्यावीच लागते, आणि सरपंचानं सबळ कारण नसताना ती घेतली नाही तर पद जाऊ शकतं. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतला प्रत्येक माणूस, म्हणजे 18 वर्षांवरचे सगळे. ती वर्षातून चारदा तरी होते, साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास. वर्गात आधी छोटी सभा घ्या, मग जमलं तर दुसऱ्या तासाला त्याच वर्गाची ग्रामसभा करा. उलटं केलं तर नुसता बाजार भरतो.

भूमिका किती आणि कोणाच्या?

गावची लोकसंख्या किती यावर सदस्यसंख्या ठरते, कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 17. आपण दीड ते तीन हजार वस्तीचं गाव धरायचं म्हणजे 9 सदस्य. सरपंच सध्या लोकांतून थेट निवडला जातो, म्हणून तो या 9 च्या वरचा, एकूण 10 जण. यात निम्म्या जागा बायकांच्या असतात हे वाटप करताना लक्षात ठेवा, 9 मधल्या 5 चिठ्ठ्या मुलींना जाऊ द्या. शिवाय एक ग्रामसेवक आणि एक शिपाई. ग्रामसेवकाला आता कागदावर ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात भाऊसाहेबच. बाकीचा वर्ग गावकरी म्हणून मागं बसेल, त्यांना सभेत मत नाही, पण त्यांनी काय ऐकलं ते नंतर विचारायचंय हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मागचे बाक लगेच वेगळीच सभा भरवतात.

एक चिठ्ठी मात्र आवर्जून घाला: सरपंचबाईंचे मालक. हा गडी सभा सुरू झाल्यावर आत येतो, खुर्ची ओढून बसतो आणि बाईंच्या वतीनं बोलायला लागतो. वर्गात हशा पिकतो, कारण प्रत्येकाला आपल्या गावातला कोण ना कोण आठवतो. मग ग्रामसेवकानं उठून सांगायचं, "तुम्ही सदस्य न्हाईसा, तुम्हाला सभेत बोलता येणार नाही, बाहेर बसा." जे पोरगं हे वाक्य ठणकावून म्हणेल त्यालाच ग्रामसेवक करा.

विषयपत्रिका कशी असावी?

साधी, पाचच विषयांची, पण शब्द खऱ्या सभेतलेच ठेवा. फळ्यावर असं लिहायचं:

1. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे
2. मागील महिन्याचा जमाखर्च वाचून मंजूर करणे
3. आलेल्या अर्जांवर विचार करणे
4. दूध संस्थेच्या बोळात दिवे बसवणे व शाळेच्या रस्त्यावरील गटर बांधणे याबाबत निर्णय घेणे
5. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय

पहिल्या तिन्हींना मिळून दहा मिनिटांच्या वर देऊ नका. पण गाळूपण नका. पहिला विषय नुसता सोपस्कार वाटतो, खरं तर मागच्या सभेत जे ठरलं तेच वहीत लिहिलंय का हे तपासायची ती एकच जागा असते. मी मुद्दाम मागच्या सभेच्या इतिवृत्तात एक चूक घालतो, म्हणजे ठरलेले असतात दोन बाक आणि लिहिलेले असतात बारा. एखादी पोरगी पकडतेच. पकडली की दुरुस्ती करून मग सही. कोणी पकडली नाही तर बारा बाक मंजूर झाले असं जाहीर करायचं आणि पुढं जायचं, पुढच्या वेळी सगळे कान देऊन ऐकतात.

पाचवा विषय धोक्याचा. पोरं तिथं सहल, सुट्टी, क्रिकेटचं साहित्य सगळं घुसडतात. खऱ्या सभेतसुद्धा मोठ्या पैशाचा विषय ऐनवेळी काढून पाच मिनिटांत उरकायचे प्रकार होतात. म्हणून सरपंच झालेल्या पोराला आधीच सांगा की परवानगी देणं ना देणं त्याच्या हातात आहे, आणि पैशाचा विषय आला तर "पुढच्या अजेंड्यावर घेऊ" म्हणायचं.

नोटीस काढायलाच पाहिजे का? वर्गात तर सगळे हजरच असतात.

काढाच, कारण निर्णय तिथूनच सुरू होतो. नेहमीच्या मासिक सभेला पूर्ण तीन दिवस आधी नोटीस लागते. पूर्ण म्हणजे नोटीस दिली तो दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. सोमवारी नोटीस फिरली तर मंगळवार, बुधवार, गुरुवार मध्ये गेले आणि सभा शुक्रवारी. शिपाई झालेल्या पोरानं सोमवारी वही घेऊन प्रत्येक सदस्याच्या बाकापर्यंत जायचं, विषय दाखवायचे, सही घ्यायची. एका सदस्याला मुद्दाम चुकवायला लावा. शुक्रवारी तो उठून म्हणेल की मला नोटीसच नाही, आणि मग सभा कायदेशीर का बेकायदेशीर यावर जी चर्चा होते ती पुस्तकातल्या चार पानांपेक्षा जास्त शिकवते.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी. तिला दवंडी, फलक, आता स्पीकर आणि गावचा व्हॉट्सॲप ग्रुप.

कोरम म्हणजे काय आणि नसला तर?

मासिक सभेला निम्मे सदस्य पाहिजेत. आपले एकूण 10, म्हणजे 5 लागले. चार जण आले तर वाट बघायची, तरी आले नाहीत तर सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा बोलावली की तिला कोरम लागत नाही, पण तेच विषय घ्यायचे, नवा घुसडायचा नाही. पोरं इथं हमखास विचारतात, "मग सर, मुद्दामच पहिल्या सभेला गेलं नाही तर?" प्रश्न चोख आहे. उत्तर एवढंच की विरोध करायचा असेल तर सभेला जाऊन करावा, घरी बसून केलेला विरोध वहीत येत नाही.

ग्रामसभेचा हिशोब वेगळा: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. समजा मतदार 1800, 15 टक्के 270, पण 100 त्याहून कमी, म्हणून 100 बास. 400 मतदारांच्या वाडीत मात्र 60 च. हे गणिताच्या तासाला दिलं तरी चालतंय.

चौथ्या विषयावर नेमकं काय होतं? पूर्ण सांगाल का?

हाच खरा गाभा, म्हणून सविस्तर. आकडे आपण सोयीसाठी धरलेत, खऱ्या कामाचं अंदाजपत्रक अभियंता करतो.

गावच्या तिजोरीत शिल्लक 1 लाख. दूध संस्थेच्या बोळात पहाटे पाचला अंधार असतो, बायका किटल्या घेऊन जातात, तिथं सहा खांबांवर दिवे पाहिजेत, एका दिव्याचा सगळा खर्च 10 हजार धरू, म्हणजे 60 हजार. शाळेच्या रस्त्याला 200 फूट गटर उघडं आहे, बांधायला 80 हजार. दोन्ही मिळून 1 लाख 40 हजार, म्हणजे दोन्ही होत नाही हे पोरांना लगेच कळतं. ग्रामसेवकाच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ असते जी तो विचारल्याशिवाय सांगत नाही: पावसाळ्याआधी टाकीतलं पाणी निर्जंतुक करायला टीसीएल पावडर घ्यायलाच लागते, 15 हजार बाजूला ठेवा. म्हणजे हाताशी 85 च.

सभेला सरपंचबाई आणि 7 सदस्य हजर, दोघं गैरहजर. ग्रामसेवक विषय वाचतो. एक सदस्या मांडते, "सहाच्या सहा दिवे बसवावेत, पावडर घ्यावी, गटर पुढच्या वर्षी." ती सूचक. दुसरा म्हणतो माझं अनुमोदन. आता चर्चा. एकावेळी एकच बोलणार, आणि सरपंचबाईंकडं बघून बोलणार, समोरच्या गटाकडं बघून नाही. हा नियम मोडला की सरपंचबाईंनी टेबल वाजवायचं.

गटरवाला वॉर्ड चिडतो, "दर वर्षी पुढच्या वर्षीच म्हणताय की, आमची पोरं चिखलातनंच शाळेला जातात." इथं पहिल्यांदा सगळे एकाच वेळी ओरडतात. थांबवू नका लगेच, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग विचारा की या गोंगाटातून वहीत काय लिहायचं. ग्रामसेवक हात वर करतो, काहीच नाही.

मग कोणीतरी उपसूचना मांडतं. माझ्या वर्गात ती बहुतेक वेळा मुलींकडनंच येते: दिवे सहाऐवजी चार, म्हणजे 40 हजार, ज्या दोन खांबांवर शेजारच्या घरचा उजेड पडतो ते सोडायचे. गटर 200 फुटाऐवजी शाळेच्या फाटकापासनं 100 फूट, 40 हजार. पावडर 15 हजार. एकूण 95, शिल्लक 5 हजार. बघा, इथं कोणी जिंकलं नाही कोणी हरलं नाही असं पोरं म्हणतील, तसं काही नाही बरं का, दूध संस्थेकडच्या सदस्येला दोन दिवे कमी मिळाले आणि ती चिडलेलीच राहते. राहू द्या.

मतदानाआधी एक अडचण. हजर सदस्यांपैकी एकाचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे (ही त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेली गुप्त ओळ). ज्या विषयात आपल्या खिशाचा संबंध आहे त्यावर सदस्यानं चर्चा पण करायची नाही आणि मत पण द्यायचं नाही. शिवाय त्यानं ग्रामपंचायतीला माल पुरवला तर सदस्यपदच धोक्यात येतं. तो स्वतःहून सांगतो का बघा. नाही सांगितलं तर मागं बसलेल्या गावकऱ्यांत कोणी ना कोणी ओरडतंच, "ओ, दुकान कुणाचं हाय?"

तो बाजूला झाला, मत देणारे राहिले 7. आधी उपसूचना मताला टाकायची. बाजूनं 4, विरोधात 3, मंजूर. मूळ सूचना तिथंच संपली. विरोध करणाऱ्यांनी मागणी केली तर त्यांची नावं नोंदवून घ्यायची.

मतं समान पडली तर?

वर्गात हे घडवून आणता येतं, एका सदस्याला तहानच लागते आणि तो बाहेर जातो. मग 6 जण उरतात, 3 विरुद्ध 3. अशा वेळी अध्यक्षाला निर्णायक मत असतं, म्हणजे सरपंचबाई आपलं एक मत देऊन झाल्यावर बरोबरी तोडायला आणखी एक देऊ शकतात. सरपंच सभेला नसेल तर उपसरपंच अध्यक्ष, आणि हे मत त्याच्याकडं. पोरांना हे अन्यायाचं वाटतं, एकाला दोन मतं कशी. वाटू द्या, पर्याय काय ते त्यांनाच विचारा. चिठ्ठी टाकू, नाणं उडवू, पुन्हा चर्चा करू, अशी उत्तरं येतात आणि मग प्रत्येक पर्यायात काय बिघडतं ते तीच शोधून काढतात.

ग्रामसेवकाला मत असतं का? सगळं तर तोच करतो.

नाही. तो सभेचा सचिव, नियम सांगतो, खर्चाचा आकडा सांगतो, वही लिहितो, आणि चुकीचं काही ठरत असेल तर बजावतो. मत देणार निवडून आलेले. पोरांना इथं एक गोष्ट दाखवून द्या, पावडरीचे 15 हजार ग्रामसेवकाला कोणी विचारलेच नाहीत तर सभा पूर्ण 1 लाख वाटून मोकळी होते. मत नसूनही तो किती वजनदार असतो ते यातून कळतं. प्रश्न विचारणारा सदस्य आणि मान डोलावणारा सदस्य यांच्यातला फरकपण इथंच दिसतो.

प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, कसं लिहायचं?

ठरलं आणि लिहिलं नाही तर ते ठरलंच नाही. पोरं लिहितात, "खूप चर्चा झाली आणि दिवे लावायचे ठरले." हे चालत नाही, किती दिवे, कुठं, किती पैसे, कुठल्या निधीतून, कोणी मांडलं हे सगळं पाहिजे. नमुना असा:

ठराव क्र. 4. विषय: दूध संस्थेच्या बोळात दिवे बसवणे व शाळेच्या रस्त्यावरील गटर बांधणे. सदर विषयावर चर्चा होऊन असे ठरले की, बोळातील चार खांबांवर दिवे बसवण्यासाठी रु. 40,000, शाळेच्या फाटकापासून 100 फूट गटर बांधण्यासाठी रु. 40,000 व टीसीएल पावडर खरेदीसाठी रु. 15,000 असा एकूण रु. 95,000 खर्च ग्रामनिधीतून करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. सूचक: —. अनुमोदक: —. बाजूने 4, विरोधात 3. ठराव बहुमताने मंजूर.

भाषा जड आहे, कबूल, पण ही एकच जागा मी जड ठेवतो. कारण ग्रामपंचायतीत जाऊन ठरावाची नक्कल मागितली तर हातात असाच कागद येतो, आणि तो वाचता आला पाहिजे. "सर्वानुमते" आणि "बहुमताने" यातला फरक तर चार वेळा सांगा. 4 विरुद्ध 3 ला सर्वानुमते लिहिलं की तीन माणसं कागदावरून गायब झाली.

ठराव झाला म्हणजे कायदा झाला का?

नाही, आणि यासाठी आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 4 मे 2022 ला ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, म्हणजे नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावानं थांबवायचं. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. वर्गात विचारण्यासारखा प्रश्न असा की कोणी हा ठराव मोडला तर ग्रामपंचायत त्याला दंड करू शकते का. अशा ठरावाला दंड नसतो, तो गावानं एकमेकांना दिलेला शब्द असतो. उलट आपला गटराचा ठराव बघा, तो साधा आहे पण त्याच्यामागं पैसे आहेत आणि काम नाही झालं तर हिशोब मागता येतो. दोन प्रकारचे ठराव शेजारी ठेवले की पोरं स्वतःच फरक सांगतात.

आणि काही गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातातच नाहीत. "एसटी सकाळी सातला सोडा" असा ठराव करता येतो, पण त्याचा अर्थ आगाराला विनंती एवढाच. ऐनवेळच्या विषयात हे हमखास येतं.

वर्गात आधीच गट आहेत, गावचं राजकारण आत आलं तर?

येणारच, कोल्हापूर आहे. आमच्याकडं सोसायटीच्या निवडणुकीवरनं चुलतभाऊ वर्षभर बोलत नाहीत, पोरं ते घरी बघतात. म्हणून चिठ्ठ्या उचलून भूमिका द्या, स्वतःच्या गल्लीची बाजू घेता येऊ नये. खऱ्या गावाचं, खऱ्या पुढाऱ्याचं, पक्षाचं नाव घ्यायचं नाही, गावाला नाव पोरांनाच ठेवू द्या. एखाद्या पालकाचा फोन आला की "आमच्या पोराला विरोधात का बसवलं", तर त्याला पुढच्या सभेला गावकऱ्यांच्या बाकावर बसायला बोलवा.

दुसऱ्या तासाला ग्रामसभा घ्यायची तर काय बदलायचं?

सगळा वर्ग मतदार. मागच्या सभेचा ठराव वाचून दाखवा आणि प्रश्न विचारू द्या. इथं सदस्यांना उत्तरं द्यावी लागतात, दुकानदार सदस्याला तर हमखास. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची पद्धत आहे, म्हणून दहा मिनिटं मुलींना वेगळं बसू द्या आणि त्यांचा मुद्दा ग्रामसभेत पहिला येऊ द्या. आमच्याकडं मुलींनी एकदा सोडलेल्या दोन खांबांचा विषय पुन्हा काढला, शेजारच्या घरचा दिवा पहाटे पाचला लागलेलाच नसतो म्हणून. वर्गातल्या एकाही मुलाला ते सुचलं नव्हतं, मलापण.

तास संपला आणि निर्णयच झाला नाही तर?

मग सरपंचबाईंनी सभा तहकूब केली असं वहीत लिहा, पुढची तारीख टाका आणि चौथा विषय जसाच्या तसा ठेवा. घंटा झाली म्हणून घाईघाईत हात वर करायला लावू नका. आणि शिपायाकडनं वही परत घ्या, तो ती घरी घेऊन जातो.